धृपद एका वचनाचं: मंडळीसाठी साधं गीत कसं बांधावं

मागच्या व्याख्यानानंतर दोन-तीन जणांनी विचारलं होतं की, सर, तुम्ही इतकी वर्षं तत्त्वज्ञान शिकवलंत, मग गाणी कधीपासून लिहायला लागलात? खरं सांगायचं तर गाणी मी फारशी लिहिलेली नाहीत. आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेसाठी लागतील तशी पाच-सहा लिहिली, त्यातली दोन टिकली. आज त्या टिकलेल्यांपैकी एक घेतो आणि ते कसं बांधलं, आधी कुठे फसलं, ते तुमच्यासमोर उलगडतो. शास्त्रातलं एक वचन घ्यायचं, त्याचं धृपद करायचं आणि साध्या माणसांना कागदाशिवाय गाता येईल असं गीत तयार करायचं, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. धृपदाचे शब्द बदलत नाहीत, पण त्याचा अर्थ प्रत्येक वेळी बदलतो. तो बदलतो त्याच्या आधी गायलेल्या कडव्यामुळे. म्हणून असं गीत लिहिताना खरी मेहनत धृपदावर पडत नाही, ती कडव्याच्या शेवटच्या ओळीवर पडते. हे मला फार उशिरा कळलं.

याचा पुरावा शास्त्रातच आहे. १३६ वं स्तोत्र उघडून बघा. सव्वीस वचनं आहेत आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी एकच वाक्य येतं, देवाची दया सर्वकाळची आहे अशा अर्थाचं. आकाश केलं, सूर्यचंद्र केले, त्यानंतर ते वाक्य आलं की ते कौतुकाचं वाटतं. पुढे राजांना मारल्याचं वर्णन येतं आणि त्यानंतरही तेच वाक्य येतं. तिथे वाचणारा अडखळतो. कोणावर दया, असा प्रश्न पडतो. आणि शेवटाकडे, सगळ्या जिवांना अन्न देतो म्हटल्यावर तेच वाक्य पुन्हा घरगुती होऊन जातं. अक्षर एक बदललेलं नाही. एक माणूस पुढची गोष्ट सांगतोय आणि जमाव प्रत्येक वेळी तेच उत्तर देतोय, अशी ती रचना आहे. आपल्याकडे कीर्तनकार पुढे उभा असतो आणि टाळकरी मागून धृपद उचलतात, त्याच्याशी हे किती जवळचं आहे बघा.

मराठीत ही जुळणी नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, तेच मुळी ओवीत आहे. नारायण वामन टिळकांनी तर बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग आणि भजन हे आपल्या मंडळीचं घरचं वाहन करून टाकलं. परदेशी चालीवर मराठी शब्द बसवताना शब्दांचे हाल होतात. ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर येतो, शब्द मध्येच तुटतो. ओवी-अभंगाच्या घाटात तो त्रास कमी होतो, कारण तो घाट आपल्या बोलण्यातूनच आलेला आहे.

आता आपलं वचन. मी घेतलं होतं विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातलं बाविसावं-तेविसावं वचन. भावार्थ असा की, परमेश्वराची दया संपलेली नाही, ती रोज सकाळी नवी असते, आणि तुझा विश्वासूपणा थोर आहे. मी त्याचा अर्थ सांगतोय, शब्दशः वाचत नाही. या वचनाच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, ते कुठे येतं. हे पुस्तक यरुशलेमचा नाश झाल्यावरचा आक्रोश आहे. मंदिर जळलंय, माणसं बंदिवासात गेली आहेत, उपासमार आहे. दोन अध्याय आणि वर वीस-एकवीस वचनं रडून झाल्यावर मग हे वाक्य येतं. आणि ते म्हणून झाल्यावर रडणं थांबत नाही, पुढे पुन्हा सुरू होतं. दुसरी गोष्ट, या वचनात बोलणारा आधी देवाविषयी बोलतो आणि मग एकदम देवाशी बोलायला लागतो. 'त्याची' म्हणता म्हणता 'तुझी' होतं.

माझा पहिला मसुदा काय होता, तर मी वचनातली तिन्ही वाक्यं धृपदात कोंबली होती. चाळीसेक अक्षरं झाली. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला काही वगळणं म्हणजे पाप वाटतं ना! (हशा) कागदावर ते सुरेख दिसत होतं. उपासनेत पुढच्या दोन बाकांवरचे लोक गात होते आणि मागे नुसती गुणगुण चालली होती. पेटीवाला थांबला की गाणंही थांबत होतं.

तेव्हा पहिला धडा. धृपद एका दमात मावलं पाहिजे, आणि मध्ये एकदा किंचित श्वास घेता आला पाहिजे. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. त्याची दोन आवर्तनं म्हणजे सोळा मात्रा. मध्यम लयीत त्याला दहा सेकंदांच्या आसपास लागतात. एका मात्रेला एक अक्षर धरलं तर आपल्या हातात सोळा अक्षरं आहेत. आठ आणि आठ. लहान अभंगाचा साचाही आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचाच असतो, म्हणजे हा हिशेब कानाला ओळखीचा आहे. अक्षरं मोजताना जोडाक्षर एकच धरायचं. 'पुन्हा' ही दोन अक्षरं, 'माझ्या' ही दोन.

सोळा अक्षरांत अख्खं वचन मावत नाही. मग काय ठेवायचं? ज्या शब्दांवाचून ते वचन दुसरंच कुठलं तरी होईल, तेवढे ठेवायचे. दया अनेक ठिकाणी आहे, विश्वासूपणाही अनेक ठिकाणी आहे. पण 'रोज सकाळी नवी' हे या वचनाचं स्वतःचं आहे. आणि 'तुझी' ठेवायचं, कारण देवाकडे वळून बोलणं हा या वचनातला मोठा क्षण आहे. उरलेलं कडव्यांमध्ये जाऊ शकतं.

पुढे 'दया' की आणखी काही? मूळ हिब्रूत इथे जो शब्द आहे तो गर्भाशयाच्या शब्दाशी जोडलेल्या धातूतला आहे. म्हणजे न्यायाधीशाने दाखवलेली दया नाही, आईच्या पोटातून येते ती. मला आमच्या आजीचा शब्द आठवला, 'माया'. 'पोरांवर माया करावी गं' असं ती म्हणायची. पण मंडळीत एक तरुण शिक्षक आहेत, ते म्हणाले, "सर, माया म्हणजे भ्रम ना? तुम्हीच शिकवलंय की वर्गात." बरोबर आहे, वेदान्तात माया म्हणजे तेच. मी शंकराचार्यांवर वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली आहेत. पण बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात शब्दाला शेजार असतो. 'तुझी माया' असं कोणाकडे तरी बघून म्हटलं की घरात तिचा अर्थ एकच होतो. मी मंडळीतल्या चार बायकांना आणि एका म्हाताऱ्या माळीबुवांना विचारलं, "तुझी माया म्हणजे काय?" पाचही जणांनी 'जीव लावणं' सांगितलं. मग मी शब्द ठेवला. तुमच्याकडे उत्तर वेगळं आलं तर 'दया' घाला. तीही दोनच अक्षरं आहेत, मात्रा बिघडत नाही.

म्हणजे धृपदाचा दुसरा चरण झाला: तुझी माया रोज नवी. मोजा. तु-झी-मा-या, रो-ज-न-वी. आठ.

पहिल्या चरणासाठी मी 'नवी'ला यमक शोधत बसलो. सापडलं: रात जाते, येते रवी. आठ अक्षरं, यमक चोख. दोन दिवस मी खूश होतो. मग लक्षात आलं, वचनात सूर्य कुठे आहे? वचनात सकाळ आहे. सूर्य माझ्या यमकाने आणला. शिवाय 'रवी' आमच्या मंडळीत रोज कोणी म्हणत नाही. यमकासाठी वचनात काही शिरलं की ते वचन राहत नाही, आपली कविता होते. मी ते खोडलं आणि आपण पहाटे दार उघडून जे म्हणतो तेच ठेवलं, दोनदा:

उजाडले, उजाडले,
तुझी माया रोज नवी.

यात यमक नाही. ते मुद्दाम कडव्यांसाठी राखून ठेवलं. प्रत्येक कडव्याचा शेवटचा शब्द 'वी'वर आणायचा. त्याचा फायदा असा की, कडवं पुढचा एकटा गातो, आणि 'वी' ऐकू आला की मंडळीला कळतं की आता आपण उचलायचं. हात वर करून खुणा कराव्या लागत नाहीत. यमक इथे शोभेला नाही, ते दाराच्या कडीसारखं कामाचं आहे.

आता चाल. मी गवई नाही, पण पेटीवाल्याला बरोबर घेऊन इतकं ठरवलं: एका अक्षराला एक सूर, आणि 'सा'पासून 'प'पर्यंतच्या पाच सुरांत सगळं धृपद. म्हातारे, पोरं, बायका, पुरुष एकत्र गाणार असतील तर यापेक्षा वर गेलं की निम्मे लोक गप्प होतात. पेटीवर बसून बघा:

उ जा ड ले: सा रे ग ग
उ जा ड ले: रे ग म म
तु झी मा या: ग म प प
रो ज न वी: म ग रे सा

प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा एक पायरी वर चढतो, सगळ्यात उंच सूर 'माया'वर येतो आणि 'नवी'ला आपण घरी येतो. चालीने शब्दाचा अर्थ सांगायचा असतो तो इतकाच.

इथे मराठीची एक खोड सांगितली पाहिजे. बोलताना आपण 'रोज' हा शब्द 'रोज्' असा म्हणतो, शेवटचा 'अ' गिळतो. गाताना तो 'अ' परत येतो, 'ज'ला पूर्ण मात्रा मिळते. ओळीच्या मध्ये हे चालतं, कान ते स्वीकारतो. पण चरणाच्या शेवटी असा शब्द आला की पंचाईत होते. माझ्या एका कडव्यात 'डब्यामध्ये मूठ पीठ' अशी ओळ होती. शेवटच्या 'ठ'वर सूर लांबवायचा कसा? निम्मे लोक 'पीठऽ' करून ओढत होते, निम्मे 'पीठ्' म्हणून थांबत होते. ओळ बदलून 'डब्यामध्ये पीठ थोडे' केली आणि भांडण मिटलं. चरणाचं शेवटचं अक्षर दीर्घ स्वराचं असावं, हा साधा नियम पाळा.

दुसरी खोड अशीच. कागदावर आठ अक्षरं भरली म्हणजे ओळ बसली असं नाही. ठेक्यात चार-चार मात्रांचे दोन तुकडे पडतात, आणि शब्दही तिथेच सुटला पाहिजे. माझी फार आवडती ओळ होती: रात सरता सरेना. वाचायला गोड आहे. गाऊन बघा. 'रात सर', मग 'ता सरेना'. ऐकणारा विचारतो, हे 'तासरेना' काय आहे? ती ओळ मी काढली आणि 'रात काही सरेना ही' लिहिली. गोडवा थोडा गेला, पण 'रात काही' आणि 'सरेना ही' असे दोन सरळ तुकडे मिळाले. टाळी वाजवत ओळ म्हणून बघणं, ही याची परीक्षा. चौथ्या मात्रेनंतर शब्दाचा तुकडा हातात राहिला तर ओळ परत लिहा.

तिसरी खोड फक्त आपल्यालाच, इंग्रजीत लिहिणाऱ्याला ती नाही. मराठीत क्रियापद लिंग सांगतं. मी लिहिलं होतं, 'रात्रभर जागलो मी.' निम्मी मंडळी बायकांची. त्या काय म्हणणार, 'जागले मी'? एकाच वेळी दोन्ही गायलं की गोंधळ होतो, आणि सगळ्यांनी 'जागलो' म्हटलं तर ते निम्म्यांचं गाणं राहत नाही. वाट दोन प्रकारे निघते. एक तर 'आम्ही' करा. नाहीतर वाक्य असं फिरवा की क्रियापद बोलणाऱ्याला चिकटणारच नाही. 'उशी माझी भिजलेली' म्हटलं की लिंग उशीचं आहे, रडणारं कोणीही असू दे.

आता या सगळ्यापेक्षा मोठी चूक सांगतो. पहिल्यांदा हे गाणं, छोटं धृपद करून, आम्ही गायलो तेव्हा कडवी वेगळी होती. पहिल्यात फुलं होती, दुसऱ्यात पाखरं, तिसऱ्यात दवबिंदू. सकाळ म्हटली की मराठी कवीला हेच सुचतं. मंडळी उत्साहाने गायली. उपासनेनंतर एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांच्या घरात त्या वर्षी मोठं दुःख झालेलं होतं, ते मी इथे सांगत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, गाणं चांगलं आहे हो. पण तुमच्या गाण्यात रात्रच नाही. मग उजाडलं कुठून?"

मी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो की वाक्य त्याच्या संदर्भातून उचललं की त्याचा अर्थ बदलतो. आणि मीच ते वचन जळलेल्या शहरातून उचलून बागेत नेऊन ठेवलं होतं. शब्द बरोबर होते. वचन खोटं झालं होतं. ज्याच्या घरात रात्र आहे त्याला ते गाता येत नव्हतं, आणि हे वचन तर त्याच्याचसाठी लिहिलेलं आहे.

मग कडवी पुन्हा लिहिली. या वेळी एकच प्रश्न समोर ठेवला: कुठल्या वाक्यानंतर हे धृपद म्हणणं अवघड जाईल? तिथून कडवं सुरू करायचं. पहिलं कडवं झोप न लागलेल्याचं, दुसरं हातातोंडाची गाठ न पडणाऱ्याचं, तिसरं वचनातल्याच उद्ध्वस्त शहराचं.

रात काही सरेना ही,
उशी माझी भिजलेली,
कोण जागे माझ्यासंगे?
हाक तुझी कानी यावी.

उजाडले, उजाडले,
तुझी माया रोज नवी.

डब्यामध्ये पीठ थोडे,
चार तोंडे जेवणारी,
आजची ही चूल, देवा,
तुझ्या हाते पेटवावी.

उजाडले, उजाडले,
तुझी माया रोज नवी.

भिंत गेली, छत गेले,
आम्ही सारे राखेमध्ये,
ओठ बंद, तरी देवा,
मनी तुझी एक ओवी.

उजाडले, उजाडले,
तुझी माया रोज नवी.

पहिल्या कडव्याची तिसरी ओळ आधी 'तरी दारी तूच उभा' अशी होती. तीही आठ अक्षरांची, तुकडेही नीट. पण गाऊन बघितल्यावर कळलं की उत्तर कडव्यातच देऊन झालंय. देव दारात उभा आहे म्हटल्यावर मंडळीने 'उजाडले' म्हणायचं कशासाठी? धृपद नुसतं शेपटासारखं मागे लोंबतं. म्हणून तिथे प्रश्न आणला, आणि चौथ्या ओळीत फक्त इच्छा: हाक कानी यावी. कडवं उघडं ठेवलं. ते मंडळी मिटवते. हेच मी सुरुवातीला म्हणत होतो. कडव्याच्या शेवटच्या ओळीला धृपदाची गरज वाटली पाहिजे. धृपद काढून कडवं एकटं वाचा. पूर्ण वाटलं तर ते फसलंय.

आता अर्थ कसा फिरतो बघा. पहिल्या कडव्यानंतर 'उजाडले' म्हणजे सुटका, रात्र संपली. दुसऱ्यानंतर मात्र उजाडणं ही सुटका नाही. उजाडलं म्हणजे चार तोंडांना जेवू घालायची वेळ झाली! तिथे जोर 'रोज'वर जातो. रानात इस्राएली लोकांना मान्ना मिळत होता तो त्या दिवसापुरता, साठवून ठेवला तर नासायचा. रोजचं रोज मागायचं, रोजचं रोज मिळायचं. आणि तिसऱ्या कडव्यानंतर काहीच उजाडलेलं नाही. भिंत पडलेलीच आहे. तिथे हे शब्द डोळ्यांना दिसतं त्याच्या विरोधात म्हटले जातात, आणि कडव्यातली 'एक ओवी' म्हणजे हे धृपदच असतं. विलापगीतात ते वचन नेमकं याच जागी आहे.

कडव्यांची चाल खाली ठेवा, 'सा'पासून 'ग'पर्यंत, बोलल्यासारखी. फक्त एक सांभाळा, शेवटचा चरण 'सा'वर संपवू नका, 'रे'वर सोडा. 'यावी', 'पेटवावी', 'ओवी', तिन्ही 'रे'वर. मग कानालाच 'सा' हवासा वाटतो आणि धृपद 'सा'वर सुरू होतं. शब्दांनी जी जागा उघडी ठेवली ती सुरांनीही उघडी ठेवायची.

शिकवताना कागद वाटू नका. पुढच्याने धृपद एकदा ठेक्याशिवाय, सावकाश म्हणावं. मग ठेक्यात. मंडळीने दोनदा म्हणावं. तिसऱ्या वेळी पेटी थांबवायला सांगा आणि मागच्या बाकांकडे बघा. तिथले लोक पेटीशिवाय 'रोज नवी'पर्यंत पोचले तर धृपद बसलं. ओठ 'रोज'वर मागे पडत असतील तर लय जास्त आहे. 'माया'वर आवाज पातळ झाला तर पट्टी एक-दोन स्वर उतरवा. आणि तीनदा म्हणूनही कागद मागितला गेला तर दोष लोकांचा नाही, धृपद अजून लांब आहे.

एक अडचण राहिलीच, तीही सांगतो. वचन रडण्यानंतर येतं, पण धृपद शिकवायचं म्हणजे ते आधी गावं लागतं. मी एकदा कडव्यापासून सुरुवात करून बघितली. मंडळीला कुठे उचलायचं ते कळलं नाही, 'ओवी'पर्यंत सगळे गप्प. म्हणून धृपद आधी, ही तडजोड मी स्वीकारली. फक्त पहिल्यांदा ते एकट्याने, ठेक्याविना, हळू म्हणायचं. ती अजून घोषणा नसते. कोणीतरी अंधारात स्वतःशी म्हणून बघतोय, इतकीच ती असते.

एक-दोन प्रश्न आहेत, ते घेऊन थांबतो.

प्रश्न: सर, वचनातला विश्वासूपणा तर कुठेच आला नाही. ते चालतं का?

शब्द आला नाही, हे खरं. पण 'रोज' काय सांगतो? एक दिवस चांगलं वागणं सोपं असतं. रोज तसंच असणं, यालाच विश्वासूपणा म्हणतात. तरी तुम्हाला तो शब्द हवा असेल तर चौथं कडवं लिहा. धृपदात घालू नका. एवढं मात्र करा की, गाण्याआधी पाळकसाहेबांना विलापगीतातला तो भाग मोठ्याने वाचायला सांगा, आधीच्या रडण्यासकट. धृपद हे वचनाची जागा घेत नाही, ते वचनाकडे बोट दाखवतं.

प्रश्न: आणि त्या बाई? त्यांना नवं गाणं आवडलं का?

मी विचारलं नाही. त्या तिसऱ्या बाकावर बसतात. कडवी चालू असताना गप्प असतात, धृपद आलं की म्हणतात. तिसऱ्या कडव्यानंतरचंसुद्धा.